स्प्रिंट एक आठवड्याचा, दोन की तीन? मागण्या किती बदलतात ते मोजून ठरवा

विदर्भात तालुक्याच्या गावी बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या टीम आता बऱ्याच आहेत. कुणी जिनिंगचा हिशेब सांभाळतं, कुणी दूध संकलनाचं ॲप करतं, कुणी शेतकरी उत्पादक कंपनीची खरेदी-विक्री बघतं. यातल्या बहुतेक टीमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, "पुण्याच्या कंपनीत होतो तेव्हा दोन आठवड्यांचाच होता." पुण्यातली ती कंपनी कुणासाठी काम करत होती आणि तिचा ग्राहक किती दिवसांनी मत बदलत होता, याचा आपल्या खरेदी केंद्राशी काहीच संबंध नसतो. स्प्रिंटची लांबी आपल्या ग्राहकाच्या बदलांवरून काढायची असते. ती काढण्याची पद्धत सोपी आहे. तिला एक वही, एक कॅलेंडर आणि साधारण तीन महिन्यांच्या नोंदी लागतात.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्क्रम पद्धतीत काम ठरावीक लांबीच्या तुकड्यांत करतात. त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. सुरुवातीला काय करायचं ते ठरतं, शेवटी रिव्ह्यूमध्ये झालेलं काम ग्राहकाला दाखवतात आणि लगेच पुढचा स्प्रिंट सुरू होतो. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडमध्ये लांबीबद्दल एकच मर्यादा आहे: एक महिना किंवा त्याहून कमी. त्या आत किती आठवडे घ्यायचे, हे टीमनं ठरवायचं. स्प्रिंट चालू असताना त्याचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल करायचा नाही, असाही नियम आहे. म्हणजे मधेच आलेली नवी मागणी साधारणपणे पुढच्या स्प्रिंटपर्यंत थांबते. लांबीचा सगळा प्रश्न या थांबण्याशी जोडलेला आहे.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन चालू. समजा, यवतमाळ जिल्ह्यात राळेगावला एक टीम आहे. दोन डेव्हलपर, एक टेस्टर, आणि प्रॉडक्ट ओनर म्हणून, म्हणजे कोणतं काम आधी करायचं ते ठरवायला, शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदीचं काम पाहणाऱ्या ताई. वडकी, वाढोणा बाजार, झाडगाव अशा पाच ठिकाणी कंपनीची कापूस खरेदी केंद्रं आहेत. गाडी काट्यावर येते, वजन होतं, ओलावा मोजला जातो, काटापट्टी निघते आणि काही दिवसांनी शेतकऱ्याच्या खात्यात चुकारा जमा होतो. हे सगळं टीमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. केंद्र आणि टीम दोन्ही कल्पित आहेत, पण अशा केंद्रावर ज्यांनी काम केलंय त्यांना यातल्या मागण्या ओळखीच्या वाटतील.

पहिलं काम: बदलांची नोंदवही

मागच्या बारा आठवड्यांत आलेली प्रत्येक मागणी एका वहीत किंवा शीटमध्ये उतरवा. व्हॉट्सॲपवर आलेली, फोनवर सांगितलेली, रिव्ह्यूमध्ये निघालेली, सगळी. आठवणीतून लिहू नका. व्हॉट्सॲप गटात मागे जाऊन तारखा काढा, कारण आठवणीत फक्त भांडण झालेले बदल राहतात आणि मुकाट्यानं केलेले निसटून जातात.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: मागणी कोणत्या आठवड्यात आली, कुणी केली, नेमकं काय हवं होतं, आणि ती किती दिवस थांबू शकली असती. पहिल्या तीन सहज मिळतात. चौथ्यासाठी विचारावं लागतं आणि विचारण्याची पद्धत चुकली की सगळं गणित बिघडतं. "हे कधीपर्यंत पाहिजे?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: "आजच पायजे ना भाऊ, लवकर करा." मागणारा खोटं बोलत नाही. समोर गाड्यांची रांग लागलेल्या माणसाला सगळंच आजचं वाटतं.

म्हणून असं विचारा: "हे झालं नाही तर कोणत्या दिवशी काम अडेल?" मग उत्तर बदलतं. "पावतीवर गट नंबर नसला तर अडत काई नाई, हातानं लिहून देतो. पण महिन्याच्या शेवटी यादी द्या लागते, तवा पायजे." आता तुमच्याकडे खरी मुदत आली: साधारण चार आठवडे. हा एक प्रश्न नीट विचारलात तर पुढचं बरंचसं काम झालं म्हणून समजा.

दुसरं काम: खरे बदल वेगळे काढा

आपल्या उदाहरणातल्या टीमनं ऑक्टोबर ते डिसेंबरच्या बारा आठवड्यांच्या नोंदी काढल्या आणि २३ मागण्या निघाल्या. म्हणजे आठवड्याला जवळजवळ दोन. एवढ्या वेगानं मागण्या बदलत असतील तर स्प्रिंट टिकणारच नाही, असं पहिल्या नजरेत वाटतं. पण यादी चाळली तर तिच्यात तीन वेगवेगळ्या जातीच्या नोंदी मिसळलेल्या दिसतात.

९ नोंदी निव्वळ आकड्यांच्या आहेत. आजचा भाव बदला, हमालीचा दर बदला, तोलाई बदला, ओलाव्याची मर्यादा बदला. कापसाचा भाव हंगामात रोज हलतो आणि त्यासाठी रोज डेव्हलपरला फोन येत असेल, तर दोष स्प्रिंटच्या लांबीत नाही. तो आकडा प्रोग्रामच्या आत लिहिला गेलाय, ही खरी अडचण आहे. त्यासाठी सेटिंगचा एक पडदा करा आणि केंद्रप्रमुखाला स्वतः आकडा भरू द्या. एका स्प्रिंटच्या कामात नऊच्या नऊ नोंदी कायमच्या मिटतात.

इथं एक बारीक फरक पाहायला हवा. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांमध्ये कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेत नाहीत. आपल्या कंपनीनं उद्या ८ ऐवजी ९ टक्के धरायचं ठरवलं, तर तो आकड्याचा बदल झाला. पण "सरळ टक्क्याला टक्का कपात नको, तीन टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा दर लावा" असं ठरलं, तर हिशेबाची रीतच बदलली. पहिला बदल सेटिंगमध्ये बसतो. दुसऱ्यासाठी प्रोग्राम लिहावा लागतो, तपासावा लागतो, आणि तो स्प्रिंटमध्ये मोजावा लागतो.

आणखी ६ नोंदी बिघाडाच्या आहेत: प्रिंटरवर पट्टी निघत नाही, एकच पावती दोनदा बनली, वगैरे. बिघाड आला म्हणजे मागणी बदलली असं होत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक स्प्रिंटमध्ये थोडा वेळ राखून ठेवा. किती ठेवायचा, हे याच वहीतून कळेल: बिघाडांवर आठवड्याला सरासरी किती वेळ गेला ते काढा आणि तेवढा वेळ आधीच बाजूला काढून मगच काम घ्या. लांबी ठरवताना बिघाड मोजू नका, नाहीतर सदोष प्रोग्राम लिहिणारी प्रत्येक टीम एक आठवड्याच्या स्प्रिंटवर येऊन पोचेल आणि दोष मात्र तसेच राहतील.

उरले ८ खरे बदल. बारा आठवड्यांत आठ. हे चित्र पहिल्यापेक्षा बरंच शांत आहे.

तिसरं काम: किती थांबावं लागतं याचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. समजा स्प्रिंट दोन आठवड्यांचा आहे आणि तो सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मागणी आली. चालू स्प्रिंटमध्ये ती घेता येत नाही, म्हणून जवळजवळ दोन आठवडे ती थांबली. पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतली आणि त्या स्प्रिंटच्या शेवटी हातात आली, म्हणजे आणखी दोन आठवडे गेले. एकूण चार. मागणी स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी आली असती तर नशीब चांगलं, दोनच आठवडे लागले असते. सरासरी तीन.

म्हणजे वाईटात वाईट वेळ स्प्रिंटच्या लांबीच्या दुप्पट असते आणि सरासरी वेळ दीडपट. एक आठवड्याच्या स्प्रिंटमध्ये जास्तीत जास्त दोन आठवडे, दोनच्या स्प्रिंटमध्ये चार, तीनच्या स्प्रिंटमध्ये सहा. हे उलट फिरवलं की नियम मिळतो: बदल जेवढे आठवडे थांबू शकतो, त्याच्या अर्ध्याहून स्प्रिंट मोठा नको. बदल दोन आठवडेच थांबत असतील तर एक आठवड्याचा, चार थांबत असतील तर दोनचा, सहा थांबत असतील तर तीनचा.

या नियमात बदल किती येतात हे कुठेच येत नाही, किती थांबू शकतात हे येतं. बदल किती वेळा येतात हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो मोजायलाच हवा, पण लांबी त्या बदलांच्या मुदतीवरून निघते. महिन्याला दहा बदल येत असतील आणि प्रत्येक दोन-दोन महिने थांबायला तयार असेल, तर तीन आठवड्यांचा स्प्रिंट खुशाल चालतो. महिन्याला एकच येत असेल पण तो दरवेळी दहा दिवसांत हवा असेल, तर तीन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये तो दरवेळी स्प्रिंट मोडून आत घुसेल.

दोन अटी ध्यानात ठेवा. पहिली, आलेली मागणी लगेचच्या स्प्रिंटमध्ये घेतली जाईल, असं हे गणित धरून चालतं. ताईंनी ती यादीत खाली ठेवली तर वेळ वाढेल. दुसरी, काम स्प्रिंटच्या शेवटीच हातात येतं असं धरलंय. तयार झालेलं काम मधेच द्यायला स्क्रममध्ये मनाई नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं आधी मिळू शकतं. पण लांबी ठरवताना त्या आशेवर राहू नये.

चौथं काम: मागचे आठवडे कॅलेंडरवर पुन्हा चालवून पाहा

आठ बदल कागदावर आठवड्यांच्या क्रमानं लिहा. आपल्या टीमची यादी अशी आहे:

- पहिला आठवडा: पावतीवर गट क्रमांक. ४ आठवडे थांबेल.
- दुसरा: एकाच गाडीत दोन शेतकऱ्यांचा माल, दोन वेगळ्या पावत्या. २ आठवडे.
- चौथा: चुकारा दोन हप्त्यांत द्यायचा. २ आठवडे.
- पाचवा: दुसऱ्या वेचणीच्या कापसाची प्रत वेगळी नोंदवायची. ३ आठवडे.
- सातवा: चुकारा फक्त आधारशी जोडलेल्या खात्यावर. २ आठवडे.
- आठवा: संचालक मंडळासाठी केंद्रवार अहवाल. ६ आठवडे.
- नववा: रेंज नसताना वजन नोंदवून ठेवायची सोय. ३ आठवडे.
- अकरावा: तूर खरेदीची तयारी. ६ आठवडे.

आता या बारा आठवड्यांवर आधी दोन आठवड्यांच्या रेघा मारा, म्हणजे सहा स्प्रिंट होतील. मागणी आठवड्याच्या मध्यावर आली असं धरा आणि प्रत्येक बदल केव्हा हातात आला असता ते मोजा. गट क्रमांकाची मागणी पहिल्या आठवड्यात आली. तो स्प्रिंट दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी संपला आणि काम चौथ्याच्या शेवटी मिळालं. साडेतीन आठवडे लागले, मुदत चारची होती, म्हणजे जमलं. दोन शेतकऱ्यांच्या मालाची मागणी दुसऱ्या आठवड्यात आली आणि तीही चौथ्याच्या शेवटीच मिळाली. अडीच आठवडे लागले, मुदत दोनची, म्हणजे चुकलं. असं करत गेलं की आठपैकी तीनच बदल वेळेत बसतात: गट क्रमांक, अहवाल आणि तूर. बाकी पाच चुकतात.

तीन आठवड्यांच्या रेघा मारल्या तर दोनच बसतात, अहवाल आणि तूर. एक आठवड्याच्या रेघा मारल्या तर प्रत्येक बदल दीड आठवड्यात मिळतो, आणि सगळ्यात कमी मुदतच दोन आठवड्यांची असल्यामुळे आठही बसतात.

या टीमसाठी हंगामात उत्तर स्पष्ट आहे: एक आठवडा. तुमच्या नोंदींत ते इतकं स्पष्ट नसेल. दहापैकी आठ-नऊ बदल दोन आठवड्यांच्या रेघांत बसत असतील, तर उरलेल्या एक-दोन बदलांसाठी सगळ्या टीमला एक आठवड्यावर आणू नका. असा एखादा बदल आला तर प्रॉडक्ट ओनरशी बोलून, ज्याला अजून हात लागलेला नाही असं तेवढ्याच आकाराचं काम बाहेर काढा आणि हा बदल आत घ्या. स्प्रिंटचं उद्दिष्ट शाबूत राहत असेल तर अशी अदलाबदल नियमात बसते. दर स्प्रिंटमध्ये ती करावी लागू लागली, तर मात्र लांबी चुकली आहे.

पाचवं काम: एक आठवडा परवडतो का?

लहान स्प्रिंट म्हटलं की पहिली तक्रार मीटिंगची येते. तिच्यात फारसा दम नाही. स्क्रम गाइड महिनाभराच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंगला जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यूला ४ आणि कामाची पद्धत कशी सुधारायची ते बोलण्याच्या रेट्रोला ३ तास देतं, आणि लहान स्प्रिंटमध्ये हे सहसा कमी होतात असं सांगतं. त्याच प्रमाणात धरलं तर एका आठवड्याला प्लॅनिंगचे दोन तास, रिव्ह्यूचा एक आणि रेट्रोचा पाऊण तास येतो. आठवड्याला हिशेब जवळपास तेवढाच राहतो.

खरा खर्च वेगळा आहे आणि तो गावाकडे जास्त जाणवतो. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी काही कामं ठरलेलीच असतात, मग स्प्रिंट लहान असो की मोठा. आपल्या टीमच्या टेस्टरला काट्यावर जाऊन मापाऱ्यासोबत खरी गाडी मोजून पाहावी लागते, कारण काटा आणि मोबाइल यांचं जुळणं ऑफिसात बसून तपासता येत नाही. पाचही केंद्रांवर नवी आवृत्ती टाकावी लागते आणि जिथं रेंज कमी तिथं स्वतः जावं लागतं. या सगळ्यात दर वेळी दोन दिवस जात असतील, तर तीन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये पंधरापैकी दोन दिवस गेले, ते सोसता येतात. एक आठवड्याच्या स्प्रिंटमध्ये पाचपैकी दोन गेले. मग काम कधी करायचं?

माझ्या मते हा ठरलेला खर्च पाचपैकी एका दिवसाच्या वर जात असेल, तर एक आठवडा सुरू करण्याआधी तो खाली आणा. आपल्या टीमनं तीन गोष्टी केल्या तर तो एका दिवसावर येतो. काट्यावरची तपासणी दर वेळी सगळ्यात जवळच्या केंद्रावरच करायची. नवी आवृत्ती आधी तिथं दोन दिवस चालवायची आणि मग बाकी चार केंद्रांच्या फोनवर आपोआप जाऊ द्यायची. आणि नवं काम आवृत्तीत आधीच टाकून ठेवायचं, पण ते सुरू करायची कळ सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे काही बिघडलं तर वडकीला गाडी काढून न जाता राळेगावातूनच ते बंद करता येतं.

दुसरी अडचण कामाच्या आकाराची आहे. एक आठवड्याच्या स्प्रिंटमध्ये एकेक काम दोन-तीन दिवसांत तपासणीसकट संपायला हवं. "एका गाडीत दोन शेतकऱ्यांचा माल" हे काम पूर्ण करायचं म्हटलं तर त्यात वजनाची विभागणी, दोन ओलावे, दोन पावत्या आणि चुकाऱ्याची फोड आली. ते आठवड्यात बसत नाही. मग त्याचे असे तुकडे करा की प्रत्येक तुकडा काट्यावर वापरता येईल. पहिल्या आठवड्यात: एकाच गाडी क्रमांकावर दोन पावत्या बनू द्या, वजनाची विभागणी मापारी हातानं भरेल. दुसऱ्या आठवड्यात: पहिला माल उतरल्यावर पुन्हा काटा करून फरकावरून विभागणी आपोआप निघेल. पहिला तुकडा मिळाला तेव्हाच मापाऱ्याची अडचण सुटली.

याऐवजी "पहिल्या आठवड्यात डेटाबेस, दुसऱ्यात पडदा" असे तुकडे केले तर पहिल्या आठवड्याच्या शेवटी दाखवायला काही नसतं. तुकडे असेच पडत असतील आणि ते बदलणं जमत नसेल, तर तोपर्यंत दोन आठवडेच बरे.

सहावं काम: चार स्प्रिंट चालवा आणि खुणा बघा

ठरवलेली लांबी लगेच बदलू नका. पहिला स्प्रिंट नेहमी विस्कळीत जातो, दुसऱ्यात टीम सावरते. चार झाले की खुणा दिसू लागतात.

स्प्रिंट फार मोठा असल्याची सगळ्यात पक्की खूण रिव्ह्यूमध्ये दिसते. केलेलं काम बरोबर असतं, पण ताई म्हणतात, "हे आता तसं राहिलं नाही, मागच्याच आठवड्यात बदललं." काम होईपर्यंत गरज निघून गेली. दुसरी खूण फोनची. चालू स्प्रिंटमध्ये मागणी घेता येत नाही हे ताईंना माहीत असतं, म्हणून त्या टीमला न विचारता थेट एका डेव्हलपरला फोन करतात, आणि तो भिडेखातर रात्री बसून करून देतो. टीमची कामं मांडलेल्या बोर्डावर हे काम कुठेच दिसत नाही, फक्त ठरलेलं काम मागे पडत जातं. ठरलेलं काम कारण नसताना मागे पडतंय असं दिसलं तर आधी हेच तपासा. त्यात डेव्हलपरचा दोष काढू नका. ग्राहकाला खरंच थांबता येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

स्प्रिंट फार लहान असल्याची खूण म्हणजे तीच कामं एका स्प्रिंटमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जातात आणि स्प्रिंटचं उद्दिष्ट "मागचं उरलेलं पूर्ण करणे" असं लिहिलं जातं. पण इथं घाई करू नका. आधी कामांचे तुकडे कसे पाडलेत ते पाहा. तुकडे मोठे असतील तर लांबी वाढवल्यानं काम सरकणं फक्त उशिरा दिसेल. तुकडे नीट असूनही सरकत असतील, तर ठरलेला खर्च जास्त आहे किंवा लांबी कमी आहे.

वर्षभर एकच लांबी ठेवावी का?

स्प्रिंटची लांबी सारखी ठेवावी, हे बरोबर आहे. सारखी लांबी असली की टीम एका स्प्रिंटमध्ये किती काम करते याचा अंदाज बसतो. पण आपल्याकडचं काम हंगामावर चालतं आणि हंगाम बदलला की बदलांची मुदतही बदलते. म्हणून वर्षातून दोन-तीनदा, आधी ठरवून, तारीख सांगून लांबी बदलायला हरकत नाही असं मला ठामपणे वाटतं. अट एकच: चालू स्प्रिंट कधीही ताणायचा किंवा तोडायचा नाही. तो संपल्यावरच नवी लांबी.

आपल्या टीमसाठी ते असं बसतं. दसऱ्याच्या आसपास आवक सुरू होते, तेव्हापासून खरेदी ओसरेपर्यंत एक आठवडा. त्यानंतर काट्यावरची घाई संपते आणि उरतात ३१ मार्चचे हिशेब, ऑडिट आणि जुन्या प्रोग्रामची डागडुजी. इथले बदल सहा-सात आठवडे थांबू शकतात, म्हणून तीन आठवडे. मे महिन्यात कंपनीची बियाणं-खतांची विक्री जोर धरते. तिथं मागण्या पुन्हा येऊ लागतात, पण पेरणी केव्हा येणार हे सगळ्यांना माहीत असल्यानं ताई महिनाभर आधी सांगू शकतात. चार आठवड्यांची मुदत, म्हणून दोन आठवडे. प्रत्येक वेळी अंदाजावर न जाता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या नोंदी घेऊन चौथं काम पुन्हा करा.

लांबी बदलल्यावर कामाचा अंदाज सरळ भागाकारानं काढू नका. टीम कामाचा आकार गुणांत मोजत असेल, तर तीन आठवड्यांत तीस गुणांचं काम होत होतं म्हणून एका आठवड्यात दहाचं होईल, असं होत नाही, कारण ठरलेला खर्च दर स्प्रिंटला पूर्णच लागतो. पहिल्या स्प्रिंटमध्ये दहाऐवजी सात घ्या आणि दोन-तीन स्प्रिंटनंतर खरा आकडा धरा.

सणांसाठीही लांबी बदलू नका. पोळ्याला दोन दिवस कुणी नसेल, दिवाळीत अख्खा आठवडा अर्धा जाईल, तर त्या स्प्रिंटमध्ये काम कमी घ्या. लांबी तीच ठेवली की रिव्ह्यूचा वार तोच राहतो, आणि खरेदी केंद्राच्या माणसांना तो वार लक्षात राहणं फार उपयोगाचं असतं. तो वार निवडताना गावचा बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी केंद्रप्रमुख तासभर बसू शकत नाही आणि त्याच्याशिवाय झालेल्या रिव्ह्यूमध्ये खरे बदल बाहेर येत नाहीत.

स्प्रिंटच नको, अशी वेळ

कधी कधी दुसरं काम करूनही, म्हणजे आकडे आणि बिघाड वगळूनही, उरलेल्या बदलांपैकी निम्म्याहून अधिक बदल आठवडाभरही थांबू शकत नाहीत. खरेदीच्या अगदी ऐन भरात, नवीन केंद्र सुरू झालं असताना असं होऊ शकतं. एक आठवड्याच्या स्प्रिंटमध्येही बदलाला दोन आठवड्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, त्यामुळे तोही इथं अपुरा पडतो. अशा वेळी चार दिवसांचा स्प्रिंट वगैरे काढत बसू नका. तेवढ्या काळापुरतं कानबान पद्धतीनं काम करा: बोर्डावर रांग ठेवा, एका वेळी हातात असलेल्या कामांवर मर्यादा घाला, दोन डेव्हलपर असतील तर फार तर तीन कामं, आणि एक संपलं की ताईंनी रांगेत सगळ्यात वर ठेवलेलं पुढचं उचला. आठवड्याचा रिव्ह्यू मात्र त्याच वारी चालू ठेवा आणि बदलांची वही भरत राहा. आठवडाभरही थांबू न शकणारे बदल महिन्याला एक-दोनवर आले, की पुन्हा एक आठवड्याच्या स्प्रिंटवर या.